स्फुरद ८.१ म्हणजे किती पोती?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारचे काका एक कागद घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसतात. यंदाही आले. कागद माती परीक्षणाचा होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हे सगळे बरोबरच असेल. पण मला एवढेच सांग, दुकानात जाऊन मी काय मागू?"

प्रश्न रास्त आहे. कागदावर बारा आकडे असतात आणि प्रत्येकासमोर 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' असा शेरा असतो. खाली शिफारस असली तरी ती हेक्टरी असते. गोव्यात हेक्टरभर सलग शेत कोणाकडे आहे? आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. दुकानदार पोत्यांत बोलतो, प्रयोगशाळा किलो प्रति हेक्टरमध्ये आणि शेतकरी 'गेल्या वर्षी घातले तेवढे'मध्ये. तिघांची भाषा वेगळी, त्यामुळे कागद बहुतेक वेळा कृषी कार्डाच्या पिशवीत घडी होऊन पडतो.

काकांचाच कागद घेऊन शेवटच्या किलोपर्यंत जाऊ. शेत डिचोली तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याशी, ३,००० चौरस मीटर. सरद हंगामात, म्हणजे पावसाळ्यात, ज्योती भात आणि पाणी उतरल्यावर जमेल तेवढ्या भागात अळसांदे, म्हणजे आपली चवळी.

कागदावर असे होते: सामू ५.२, क्षारता ०.१२, सेंद्रिय कर्ब १.२४ टक्के. उपलब्ध नत्र २६८, स्फुरद ८.१ आणि पालाश १२८, तिन्ही किलो प्रति हेक्टर. जस्त ०.५ आणि लोह ४८, हे दोन्ही दशलक्ष भागांत किती भाग या मापात. बाकीचे आकडे ठीक होते, ते सोडून देतो.

## आधी 'उपलब्ध' या शब्दाचा अर्थ

मातीत नत्र, स्फुरद, पालाश एकूण किती आहे, ते हा कागद सांगत नाही. पिकाच्या मुळांना या हंगामात हाती लागेल असा भाग किती, याचा तो अंदाज देतो. प्रयोगशाळेत माती एका ठरावीक द्रावणात हलवतात, त्या द्रावणात जेवढे उतरते तेवढे 'उपलब्ध' मानतात. ते द्रावण जणू मुळाची नक्कल करते.

नक्कल कुठली वापरली यावर आकडा बदलतो. स्फुरदासाठी आम्लधर्मी मातीला ब्रे नावाच्या पद्धतीचे द्रावण योग्य ठरते, तटस्थ आणि विम्लधर्मी मातीला ओल्सेन पद्धतीचे. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी. म्हणून दोन वर्षांचे दोन कागद शेजारी ठेवताना आधी पद्धतीचे नाव एकच आहे का ते बघावे. "प्रयोगशाळा बदलली की माती बदलते का?" असे लोक चिडून विचारतात. माती तीच असते, मोजायचा पेला बदललेला असतो.

आणखी एक फसवी जागा आहे. काही कागदांवर स्फुरद नुसत्या मूलद्रव्याच्या रूपात असते, काहींवर P₂O₅ या रूपात. मूलद्रव्याच्या आकड्याला २.२९ ने गुणले की दुसरा आकडा येतो. काकांचे ८.१ दुसऱ्या रूपात लिहिले असते तर १८.५ दिसले असते. मूलद्रव्यात मोजले तर हेक्टरी १० किलोंच्या खाली 'कमी' आणि २५ च्या वर 'जास्त'. १८.५ हा आकडा चुकून या पट्टीवर ठेवला तर कमी असलेले शेत आरामात 'मध्यम' होऊन बसते. पालाशाचेही असेच, फक्त तिथे K₂O साठी गुणक १.२. त्यामुळे आकड्याआधी रकान्याचे डोके वाचायचे.

## सेंद्रिय कर्ब जास्त, मग नत्र कमी कसे?

काकांनी पहिला आक्षेप इथेच घेतला. "एका ओळीत जास्त म्हणतो, दुसऱ्या ओळीत कमी म्हणतो. यातला खरा कोण?"

दोघेही खरे. सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा साठा. ०.७५ टक्क्यांच्या वर गेला की त्याला 'जास्त' म्हणतात, काकांचा १.२४ आहे. नत्र मुख्यतः याच साठ्यात अडकलेले असते. उपलब्ध नत्र २८० च्या खाली असले की 'कमी', काकांचे २६८.

घरच्या कोठीत दोन खंडी भात असले म्हणून रात्री ताटात शीत पडते असे नाही. ते उकडायचे, वाळवायचे, कांडायचे, मग कुठे तांदूळ. मातीतल्या कोठीचे कांडणे सूक्ष्मजीव करतात, आणि आंबट मातीत ते आळसावतात. सामू ५.२ असलेल्या गोव्याच्या शेतात कोठी भरलेली आणि ताट अर्धे, हे चित्र नेहमीचे आहे.

हा वाद नुसता समजुतीचा नाही, त्यावर युरियाचे पोते ठरते. खताची शिफारस मध्यम सुपीक मातीसाठी लिहिलेली असते. 'कमी' असेल तर त्यात २५ टक्के वाढ आणि 'जास्त' असेल तर २५ टक्के कपात, असा सोपा ठोकताळा वापरतात. काकांच्या कागदावर भाताची मूळ शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी छापली होती. कर्बाची ओळ धरली तर नत्र ७५ होते, नत्राची ओळ धरली तर १२५. डीएपी खतातून येणारे नत्र वजा करून त्यांच्या शेतापुरता हिशेब केला तर एका वाटेने ३३ किलो युरिया, दुसऱ्या वाटेने ६५ किलो. एकाच कागदावरून दुप्पट फरक!

माझे मत असे, की इथे दोन्ही टोके सोडावीत आणि मूळचे १०० च धरावे. कोठी भरलेली आहे म्हणून नत्र वाढवू नये, आणि कांडणारे सुस्त आहेत म्हणून कापूही नये. ज्योतीला नत्र जास्त झाले तर पाने गर्द हिरवी दिसतात, माणूस खूश होतो आणि ऐन दाणे भरताना एका वाऱ्यात भात आडवे होते. करपाही अशाच माजलेल्या पिकावर आधी येतो. उरलेली दुरुस्ती हंगामात पानाकडे बघून करता येते, ते पुढे येईलच.

## स्फुरद लाल मातीला का चिकटतो

दुसरी ओळ स्फुरदाची, आणि गोव्यासाठी सगळ्यांत बोलकी. ८.१, म्हणजे स्पष्ट कमी.

जांभ्यापासून झालेल्या मातीचा लाल रंग हा लोखंडाच्या गंजाचा. गंज आणि त्याच्यासोबतचे ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. फणस कापताना हाताला चीक लागतो तसे हे आहे. एकदा चिकटला की पाण्याने निघत नाही. खत टाकले, पाऊस पडला, थोड्या दिवसांत बराचसा स्फुरद मातीला चिकटून बसला आणि पिकाच्या वाट्याला थोडाच आला.

फणस कापणारा काय करतो? आधी हाताला खोबरेल लावतो. मातीला लावायचे तेल म्हणजे कुजलेले शेणखत. त्यातली सेंद्रिय आम्ले गंजावरच्या चिकटायच्या जागा आधीच अडवतात. म्हणून आपल्याकडे स्फुरदाचे खत शेणखतात मिसळून देण्याला अर्थ आहे.

भातशेतीत निसर्ग आणखी एक मदत करतो. शेतात पाणी तुंबले की मातीतली हवा संपते, गंज विरघळायला लागतो आणि त्याने धरलेला स्फुरद थोडा सुटतो. त्याच शेतात उन्हाळी भाजी घेतली तर ही सवलत मिळत नाही. एकाच आकड्यावर भाताला आणि मिरचीला वेगवेगळा सल्ला येतो त्याचे एक कारण हे.

काकांसाठी स्फुरद २५ टक्क्यांनी वाढवायचा. ५० चे ६२.५ झाले. पालाश १२८ म्हणजे मध्यम. पालाशाची 'मध्यम'ची पट्टी १०८ पासून २८० पर्यंत जाते आणि काका तिच्या खालच्या टोकाला आहेत, पण आहेत मध्यमच. त्यामुळे ५० तसेच ठेवले.

## हेक्टरातून शेतात, शेतातून पोत्यात

आता हिशेब. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. काकांचे ३,०००, म्हणजे सगळ्या आकड्यांना ०.३ ने गुणायचे. नत्र ३० किलो, स्फुरद पावणेएकोणीस किलो, पालाश १५ किलो. बांध, पाटाची जागा आणि कोपऱ्यातली झाडी यांत क्षेत्र जात असेल तर तेवढे आधी वजा करावे. उताऱ्यावरचे क्षेत्र आणि नांगराखालचे क्षेत्र सारखे नसते.

हे झाले अन्नद्रव्य. खत यापेक्षा जास्त लागते, कारण पोत्यातले सगळेच काही अन्नद्रव्य नसते. शंभर किलो भात कांडून शंभर किलो तांदूळ मिळत नाही, तसेच. युरियाच्या शंभर किलोंत नत्र ४६ किलो. डीएपीत नत्र १८ आणि स्फुरद ४६. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६०. पोत्यावरचे हे आकडे नेहमी नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमाने छापलेले असतात, आणि स्फुरद-पालाश P₂O₅ आणि K₂O च्या रूपातच. शिफारसही त्याच रूपात असते, म्हणून इथे २.२९ ची भानगड नाही. ती फक्त माती मोजलेल्या रकान्यापुरती.

सुरुवात स्फुरदापासून करायची, कारण डीएपीत नत्रही येते आणि ते नंतर वजा करावे लागते. उलट क्रमाने गेलात तर नत्र दोनदा पडते. आमच्या भागात होणारी ही सगळ्यांत सामान्य चूक आहे.

१८.७५ किलो स्फुरद हवा. त्याला ०.४६ ने भागले की सुमारे ४१ किलो डीएपी. त्यातून नत्र येते ७.४ किलो. ३० मधून ते गेले की २२.६ उरले. त्याला ०.४६ ने भागले की ४९ किलो युरिया. पालाशाचे १५ भागिले ०.६० म्हणजे २५ किलो म्युरेट.

म्हणजे दुकानात मागायचे: डीएपीचे एक पोते, त्यातले ९ किलो उरतील. म्युरेटचे अर्धे पोते. युरियाचे एक पोते आणि वर चार किलो. युरियाचे पोते आता ५० चे नाही, ४५ किलोचे असते. बरेच जण अजून जुन्याच सवयीने हिशेब करतात.

"डीएपी नाही मिळाले तर?" मे-जूनमध्ये हा प्रश्न नेहमीच येतो. मग सिंगल सुपर फॉस्फेट. १८.७५ भागिले ०.१६ म्हणजे ११७ किलो, दोन पोती आणि वर १७ किलो. त्यात नत्र नाही, म्हणून युरिया ४९ वरून ६५ किलोंवर जातो. ओझे वाढते खरे, पण सोबत गंधक आणि कॅल्शियम मिळते. आंबट मातीला ते हवेच असते. मला विचाराल तर पाठीला झेपत असेल त्याने सुपर फॉस्फेटच न्यावे.

आणि १५:१५:१५? त्या पोत्यात तिन्ही सारखे असतात. काकांच्या मातीची गरज सारखी नाही. ते पोते वाईट नाही, फक्त त्याने कागदाला विचारलेले नसते.

## शेणखत घालतो, मग एवढे कशाला?

आक्षेप बरोबर आहे आणि त्याचा हिशेब करता येतो. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. काका या शेतात दीड टन घालतात, म्हणजे नत्र साडेसात किलो. पण तेही कोठीतले. पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्सा हाती लागतो असे धरले तर अडीच किलो. तेवढ्यासाठी साडेपाच किलो युरिया कमी करता येतो. शेणखताचे खरे काम स्फुरदाच्या चिकाला तेल लावण्याचे आणि मातीची घडण राखण्याचे. त्याला युरियाच्या तराजूत घालून कमी लेखू नये, आणि एका ट्रॉलीत सगळे भागले असेही समजू नये.

## सामू ५.२: चुना घालायचा की नाही?

सामू म्हणजे मातीचा आंबटपणा मोजायची पट्टी, इंग्रजीतला पीएच. ७ म्हणजे ना आम्ल ना विम्ल. खाली जाल तसा आंबटपणा वाढतो, आणि एकेका पायरीला दहापट. ६.२ च्या मातीपेक्षा ५.२ ची माती दहापट आंबट. दशांशाकडे दुर्लक्ष करू नये ते एवढ्यासाठी.

तरीही भातासाठी मी काकांना चुन्यावर खर्च करायला लावला नाही. नमुना मे महिन्यात घेतला, माती कोरडी होती. त्याच मातीवर पाणी साचले की दोन-चार आठवड्यांत आंबटपणा आपोआप उतरतो आणि सामू सहाच्या पुढे सरकतो. भात ज्या मातीत उभे असते ती कागदावरची माती नसतेच. पाणी उतरले की माती परत आपल्या मूळ आंबटपणावर येते.

चुना लागतो तो अळसांद्यांना. त्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात. आंबट मातीत त्या गाठी नीट धरत नाहीत. रोप उपटून गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. म्हणून काकांचा चुना भातकापणीनंतर, अळसांदे पेरायच्या दोन-तीन आठवडे आधी. किती, ते सामूवरून नेमके ठरत नाही. त्याच सामूच्या वाळूच्या मातीला थोडा पुरतो आणि चिकण मातीला बराच लागतो. प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' नावाची वेगळी तपासणी असते. नमुना देताना ती मागून घ्यावी, आपणहून ती क्वचितच होते.

चुना आणि खत एका दिवशी टाकू नये. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्याच वर्षी घाईघाईत सकाळी चुना पसरला आणि दुपारी ओल्या मातीत डीएपी टाकले. थोड्या वेळात डोळे चुरचुरले आणि नाकात मुताऱ्यांसारखा वास शिरला. तो वास म्हणजे माझ्या पैशांचे नत्र, अमोनिया होऊन उडून चाललेले. दोन्हींमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

## 'पुरेसे' या शेऱ्यामागचे लोह

कागदावर लोह ४८, समोर शेरा 'पुरेसे'. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पट्टीला फक्त खालची हद्द असते. लोहाची ४.५. त्याच्या वर गेले की पुरेसे, मग ते ५ असो की ५०. जास्त झाले तर काय, यावर कागद गप्प असतो.

डोंगराच्या पायथ्याच्या शेतांत हे गप्प राहणे महागात पडते. डोंगरातून झिरपणारे पाणी विरघळलेले लोखंड घेऊन येते. शेताच्या वरच्या कडेला पाण्यावर तेलकट, मोरपंखी तवंग दिसतो आणि गाळ नारिंगी असतो. भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके सुरू होतात आणि पान तांब्यासारखे होते. लोकांना वाटते रोग आला, आणि औषध फवारतात. ही लोहाची बाधा असते. उपाय म्हणजे चार-पाच दिवस पाणी काढून माती हवेला लावायची, वरून झिरपणारे पाणी चर काढून बाजूने न्यायचे आणि पालाश चुकवायचा नाही. तांबूस पाने बघून कोणी लोहाचेच टॉनिक विकू पाहिले तर हा ४८ चा आकडा त्याला दाखवावा.

जस्ताची गोष्ट उलटी. हद्द ०.६ ची, काकांचे ०.५. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट, म्हणजे त्यांच्या शेताला साडेसात किलो. एकदा दिले की दोन-तीन वर्षे बघायला नको. मात्र डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळायचे नाही. जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोघेही मिळत नाहीत.

## खाजनाचा कागद वेगळा वाचायचा

काकांची क्षारता ०.१२, म्हणजे मिठाचा प्रश्नच नाही. पण मांडवी-झुवारीच्या काठी खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतचे बांधाआडचे शेत, असलेल्यांनी हीच ओळ सर्वांत आधी वाचावी, आणि नमुना कधी घेतला तेही. मेमध्ये खाजनाची माती वर मीठ आणून ठेवते, त्या वेळचा आकडा बघितला तर वाटेल इथे गवतही उगवणार नाही. जून-जुलैचे पाऊस ते मीठ धुऊन मानशीच्या दारातून बाहेर काढतात आणि तिथेच कोरगुट भात उभा राहतो. खाजनात लावणीच्या तोंडावर क्षारता परत मोजून घ्यावी. मीठ उतरलेले नसताना खत टाकले तर त्यात आणखी मिठाचीच भर पडते, कारण खतेही शेवटी क्षारच.

## आकडा चुकला असेल तर कसे कळायचे?

कागदावर संशय घ्यायची पहिली जागा प्रयोगशाळा नव्हे, नमुन्याची पिशवी. एकदा मी पोटॅशचे रिकामे पोते धुऊन त्यात माती नेली. पालाश सहाशेच्या वर आला, आणि बांधापलीकडच्या कोपऱ्यात दीडशे. पोत्याच्या शिवणीत राहिलेले दोन-चार लाल खडे पुरले होते. नमुना नव्या प्लॅस्टिक पिशवीत किंवा कापडी थैलीतच न्यावा.

भातासाठी शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीत-दीड वीत नाही, मोजून १५ सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती कापायची. सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायचे. शेणखताचा ढीग, झाडाखालची जागा, बांधाची कड आणि पाटाचे तोंड टाळायचे. नारळ-सुपारीच्या कुळागरात १५ सेंटिमीटर पुरत नाही, मुळे जिथे खातात तिथपर्यंत खाली जावे लागते.

"माझ्याकडे सरकारी आरोग्य पत्रिका आहे, ती चालेल ना?" चालेल, पण ती कुणाच्या मातीची ते बघा. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत नमुने चौकटींप्रमाणे घ्यायचे ठरले होते. ओलिताखाली अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. पंजाबात अडीच हेक्टर एका घरचे असतील. आपल्याकडे तेवढ्यात वीस शेतकरी असतात, वर मोरड, मध्ये खेर आणि खाली खाजन असेही असू शकते. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे घेतलेल्या मातीवर आपले पोते ठरू नये.

## काकांच्या भिंतीवरचा कागद

शेवटी मी काकांना हिशेबाच्या वहीतले पान फाडून लिहून दिले. चिखलणीला डीएपी ४१ किलो, युरिया १० किलो, म्युरेट १३ किलो. जस्त त्याच्या आधी आठवडाभर, वेगळे. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, फुटवे फुटताना, युरिया २० किलो. पोटरीच्या आधी युरिया १९ आणि म्युरेट १२. युरिया एकदम दिला तर आपल्या पावसात अर्धा नदीला जातो, म्हणून तीन भाग. टाकताना शेतातले पाणी उतरवायचे आणि दोन दिवसांनी परत घ्यायचे.

शेवटच्या १९ किलोंपुढे मी प्रश्नचिन्ह काढले. त्या दिवशी दहा रोपांचे वरून पहिले पूर्ण उघडलेले पान रंगपट्टीवर धरायचे. ही हिरव्या छटांची प्लॅस्टिकची पट्टी कृषी विज्ञान केंद्रात मिळते. पान आपल्या सावलीत धरायचे, उन्हात नाही. दहांपैकी सहा पाने चौथ्या छटेपेक्षा फिकट असतील तर युरिया द्यायचा. नसतील तर कोठीतले कांडणे नीट चालू आहे, थांबायचे.

काकांनी पान चुलीजवळच्या भिंतीला खिळ्यात अडकवले. ऑगस्टमध्ये जाऊन बघितले तर दहांपैकी तीनच पाने फिकट होती. म्युरेट तेवढे टाकून झाले होते. १९ किलो युरिया पडवीत तोंड बांधून ठेवलेला होता, खाली दोन फळ्या, ओल लागू नये म्हणून.